कोपऱ्यातली दोन अक्षरं

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलच्या ऑफिसात मी सतरा वर्षं टेबल सांभाळते आहे. स्कूल म्हणजे दोन गाड्या, दोन शिकवणारे, एक झेरॉक्स मशीन आणि भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता. सकाळी शिकणारे येतात, दुपारी कागदवाले. लर्निंग, पक्कं लायसन, नूतनीकरण, पत्ताबदल, परदेशी जाणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय परवाना, सगळं माझ्या टेबलावरून कल्याणच्या आरटीओत जातं. फॉर्मवर एक रकाना जरी रिकामा राहिला तरी कागद परत येतो, आणि परत आलेला कागद बघितला की माझं डोकं फिरतं. त्यामुळे माझ्या हातून सहसा चुका होत नाहीत. निदान कागदावर तरी.

आमच्याकडे परदेशी लायसनंही बरीच येतात. कॅम्पातल्या सिंधी घरांचं अर्धं गणगोत जगभर पसरलेलं. कुणी स्पेनच्या बेटांवर, कुणी दुबईला, कुणी लंडनला. लग्नाला येतात, महिनाभर राहतात, गाडी चालवायची असते. म्हातारपणी कायमचे परततात, तेव्हा इथलं लायसन काढायचं असतं. आखातात नोकरी करून आलेले अंबरनाथ-बदलापूरचेही असतात. मग त्यांचं कार्ड हातात आलं की पहिला प्रश्न हाच, की हे कुठल्या देशाचं. देश कळला की पुढचं ठरतं. इंग्रजी नसेल तर भाषांतर लागतं, आणि भाषांतर कुठून आणायचं तेही देशावर असतं.

ते ओळखायला मला शेठनी शिकवलं. स्कूल त्यांचं. हिशोबापेक्षा त्यांना असल्या गोष्टींचा नाद जास्त. ते म्हणायचे, आधी मांडणी बघ. उजवीकडे अरबी आणि डावीकडे इंग्रजी असेल तर आखातातलं. गुलाबी कार्ड, डावीकडे फोटो, आणि प्रत्येक ओळीच्या आधी नुसता आकडा असेल तर युरोपकडचं. एक म्हणजे आडनाव, दोन म्हणजे नाव, तीन जन्म, चार अ दिल्याची तारीख, चार ब संपायची. आकडे सगळीकडे तेच, म्हणून भाषा येत नसली तरी कार्ड वाचता येतं. मग भाषा बघ, वरचं ठळक नाव कुठल्या भाषेत आहे ते. आणि भाषेनेही भागलं नाही तर कोपरा बघ. युरोपीय संघाच्या कार्डावर फोटोच्या वर, डाव्या कोपऱ्यात निळा चौकोन असतो, ताऱ्यांचं गोल कडं असतं आणि त्या कड्याच्या आत देशाची अक्षरं. डी म्हणजे जर्मनी, ई म्हणजे स्पेन, ए म्हणजे ऑस्ट्रिया. ए बघून ऑस्ट्रेलिया लिहिणारे मी पाहिलेत. पहिल्या महिन्यात मीसुद्धा लिहिलं होतं, आणि शेठनी तो फॉर्म माझ्यासमोर फाडला होता.

"आदमी झूठ बोलेगा, कोना झूठ नहीं बोलेगा," ते म्हणायचे.

हे वाक्य मी फार मनावर घेतलं. पाच-सहा वर्षांत माझी नजर अशी बसली की कार्ड टेबलावर पडायच्या आधीच मी देश सांगायची. शिकवणारे दोघे मुद्दाम परीक्षा घ्यायचे, बोटाने कोपरा झाकून कार्ड दाखवायचे. मी भाषेवरून सांगायची. मग भाषाही झाकायचे, तर मी म्हणायची, आता कपाळ दाखवा तुमचं. हसायचे सगळे. मला त्याचा माज होता, हे आज कबूल करते.

आम्ही मूळचे सोनिवलीचे. शेती होती, आता तिथे इमारती आहेत आणि त्यातल्याच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. बाबांनी शेत गेल्यावर टेम्पो चालवला, तो गुडघे जाईपर्यंत. त्यांचं जुनं पुस्तकवाणी लायसन, पुठ्ठ्याचं, फोटोवर गोल शिक्का असलेलं, अजून कपाटात आहे. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान भाऊ आहे. त्याला गाडी बाबांनीच शिकवली, शेत विकायच्या आधी, भात कापून झाल्यावरच्या मोकळ्या जमिनीवर. स्टिअरिंगपेक्षा पोरगा लहान दिसायचा. बाबा बाजूला बसून एक शब्द बोलायचे नाहीत, फक्त चुकलं की डॅशबोर्डवर दोन बोटं वाजवायचे.

भावाने एकदा मोठं खोटं बोलून ठेवलं होतं. अंबरनाथला कॉलेजला जातो म्हणून निघायचा आणि वर्षभर खडीचा डंपर चालवत होता. बाबांना ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं. डंपरचं त्यांना काही नव्हतं, लपवलं याचं होतं. त्यानंतर घरात त्याच्या प्रत्येक वाक्याला एक शंका चिकटलेली असायची. तो बदलला होता, कामाला लागला होता, तरी ती गेली नाही. आणि ती जाऊ न देण्यात माझाही हात होता, कारण घरात मी खरी आणि तो लबाड, अशी वाटणी मला सोयीची होती.

दोन वर्षांपूर्वी तो ट्रक चालवायला युरोपात गेला. आधी ट्रेनिंग, मग तिथली परीक्षा, मग मोठी गाडी. फोनवर सांगायचा, जर्मनीत गाडी चालवतो. बाबांनी तेवढं एकच धरलं. सोनिवलीत कुणीही विचारलं की म्हणायचे, पोरगा जर्मनीत हाय. त्याच्या एका सोयरिकीच्या बोलण्यातही त्यांनी हेच सांगितलं होतं. ते सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची. डंपरच्या वर्षानंतर त्यांची मान त्याच्यासाठी अशी ताठ झालेली मी पहिल्यांदा बघत होते.

दिवाळीच्या आसपास त्याने आईच्या मोबाइलवर एक फोटो पाठवला. त्याचं तिथलं लायसन. बोटांत धरलेलं कार्ड आणि खाली लिहिलेलं, बाबांना दाखव. आईने बाबांना दाखवलं, बाबांनी चष्मा लावून बघितलं, आणि मग फोन माझ्यापुढे धरला. तुझ्या लायनीतलं आहे, वाचून दाखव, म्हणाले.

मी बघितलं. गुलाबी कार्ड, डावीकडे माझा भाऊ, दाढी वाढलेला. वरचं ठळक नाव मला वाचता येईना, पण जर्मन नव्हतं, जर्मन कार्डावरचा शब्द मला पाठ होता. इथे झेडवर उलटी टोपी होती, ईच्या डोक्यावर टिंब होतं, आणि शेवट 'मास'वर होत होता. मग कोपरा मोठा करून बघितला. निळा चौकोन, तारे, आत एल टी.

"हे जर्मनीचं नाही," मी म्हणाले. "लिथुआनियाचं आहे."

बाबांनी विचारलं, ते जर्मनीतच असतं का. मी म्हणाले, नाही, वेगळा देश आहे, मध्ये अख्खा पोलंड आहे. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग त्यांनी विचारलं, "मंग तो खोटं बोलतो काय?"

त्या क्षणी मी काय म्हणायला हवं होतं ते मला आता चांगलं माहीत आहे. मी म्हणायला हवं होतं की लायसनवरून फक्त ते कोणी दिलं एवढंच कळतं. पण आमच्याकडे सतरा वर्षं जी कार्डं येतात त्यांवर एमएच झिरो फाइव्ह असतं, आणि एमएच झिरो फाइव्ह असलेला माणूस इथलाच असतो, कल्याणचा, उल्हासनगरचा, बदलापूरचा. दुसरीकडे राहायला गेला की पत्ता बदलायला येतो, त्याचा फॉर्मही मीच भरते. लायसन जिथलं, माणूस तिथला, हे माझ्या हाडात मुरलेलं. म्हणून मी म्हणाले, "कोपरा खोटं बोलत नाही, बाबा."

बाबांनी त्याच दिवशी त्याला फोन लावायला सांगितला. आईने स्पीकरवर टाकला. मागे गाड्यांचा आवाज होता. बाबांनी विचारलं, कुठं हायस. तो म्हणाला, जर्मनीत, बाबा, पार्किंगला थांबलोय. बाबांनी विचारलं, लायसन कुठलं. तो जरा थांबला. म्हणाला, ते कंपनीमुळे आहे, बाबा, समजावून सांगतो. त्या थांबण्यातच बाबांना डंपर दिसला असणार.

"खरं बोलायचं आसंल तवाच फोन कर," ते म्हणाले आणि कुठलं बटण दाबायचं ते माहीत नसल्यामुळे त्यांनी फोन नुसताच उलटा करून ठेवला. दुसरीकडून तो हॅलो, हॅलो म्हणत राहिला. शेवटी आईने बंद केला.

नंतर त्याने मला लांबलचक मेसेज पाठवला. कंपनी लिथुआनियात नोंदलेली आहे, परवाना तिथला, ट्रेनिंग तिथलं, परीक्षा तिथली, पण मी सगळा वेळ गाडीत असतो आणि गाडी बहुतेक जर्मनी आणि हॉलंडला असते, असं काहीतरी. मी तो नीट वाचलाही नाही. उत्तर दिलं, मला शिकवू नकोस, मी हेच काम करते. हा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे.

त्यानंतर तो फक्त आईशी बोलायचा, तेही लिहून. बाबा त्याचं नाव काढत नव्हते. सोयरिकीच्या लोकांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं की आमच्याकडून चुकीचं बोललं गेलं, तो जर्मनीत नाही. परत आले तेव्हा इमारतीच्या जिन्यात बसून राहिले. मी ऑफिसातून येत होते, म्हणून मला दिसले. मी म्हटलं, गुडघे दुखतायत का. हो म्हणाले.

जानेवारीत आमच्या ऑफिसात एक गडी आला, अंबरनाथचा, कायमचा परत आलेला. त्याला इथलं जड वाहनाचं लायसन नवं करायचं होतं, आणि सोबत तिकडचं कार्डही आणलं होतं. निळ्या चौकोनात पी एल. मी सवयीने म्हणाले, पोलंडला होता का तुम्ही. तो हसला. म्हणाला, "ताई, पोलंडमध्ये मी टोटल तीन-चार महिने राहिलो असेन, ट्रेनिंग आणि एक्झामला. बाकी चार साल कॅबिनमध्ये. जर्मनी, बेल्जियम, जर्मनी. कंपनी जिथली, लायसन तिथलं. सगळ्यांचं असंच असतं ना."

सगळ्यांचं असंच असतं. शेठ समोर बसले होते. त्यांनीही मान हलवली, हां, ट्रकवालोंका ऐसाच होता है, जणू मला हे माहीतच असणार. मी त्या माणसाचा फॉर्म भरला. रकाना चुकला, खोडला, परत लिहिला. तो गेल्यावर मी भावाचा तो लांबलचक मेसेज उघडून पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. त्यात शेवटी लिहिलं होतं, ताई, तू बाबांना सांग, ते तुझं ऐकतात.

हे घरी जाऊन सांगायला मला किती वेळ लागायला हवा होता? दोन रिक्षा बदलून तासाभराचा रस्ता. पण त्या दिवशी मी गेले आणि गप्प जेवले. मनात म्हटलं, बाबांचा मूड बघून सांगू. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. मग म्हटलं, रविवारी निवांत सांगेन. रविवारी बाबा म्हणाले, तुझं बरं, तुझ्या हातून चूक होत नाय. ते सहज म्हणाले होते, रेशनच्या कुठल्याशा कागदावरून. आणि मला ते वाक्य सोडवेना. सांगितलं असतं तर ते गेलं असतं. आणखी एक आठवडा गेला. मी लबाडी केली असं कुणी म्हणणार नाही, कारण मी काहीच केलं नाही. पण ज्या घरात भावाला लबाड ठरवलं त्याच घरात मी बारा दिवस खरं पोटात ठेवून फिरत होते.

तेराव्या दिवशी सकाळी चहा पिऊन बाबा खिडकीशी बसले आणि तिथेच कलले. मी आंघोळीला गेले होते. बदलापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

भावाला मीच फोन केला. तो म्हणाला, बोलले का काही माझ्याबद्दल? मी म्हणाले, अचानक झालं रे. त्याचं राहण्याचं परमिट नेमकं नूतनीकरणाला गेलेलं, युरोप सोडला असता तर परत जाता आलं नसतं. अग्नी चुलतभावाने दिला. दहाव्याला आईने मोबाइल समोर धरला आणि तो कॅबिनमधून बघत होता, पाठीमागे काचेवर पाणी वाहत होतं. कुणीतरी विचारलं, कुठे आहे हा. मी सांगितलं, जर्मनीत. माझ्या तोंडून ते तेव्हा निघालं. ज्याने ते ऐकायला हवं होतं तो माणूस फोटोत होता.

एप्रिलमध्ये तो आला. पहिल्या रात्री झोपला, दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर ऑफिसात आला, त्याचं इथलं लायसन संपत आलं होतं. खिशातून दोन्ही कार्डं काढून माझ्यासमोर ठेवली, एमएच झिरो फाइव्हचं आणि ते गुलाबी. माझी नजर सवयीने कोपऱ्याकडे गेली आणि मला रडू फुटलं. शेठ उठून बाहेर गेले. मी त्याला सगळं सांगितलं, अंबरनाथच्या माणसाचं, बारा दिवसांचं, रविवारचं. मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "तू बरोबरच ओळखलंस, ताई. लायसन तिथलंच आहे."

मग फॉर्म भरायचा म्हणून मी पत्ता विचारला, उगीच, काहीतरी बोलायचं म्हणून. तो म्हणाला, एकच पत्ता आहे, घरचा. मी सोनिवली लिहिलं.

संध्याकाळी आम्ही तिघं जेवत होतो. भाऊ आईला म्हणाला, तू थंडीभर सारखं काय लिहायचीस गं, आज फार गारठा आहे, अंगावर नीट घे, कानाला बांध. मला कळायचंच नाही. मी असायचो तिथे तर नुसता पाऊस. एकदा तर मी शर्टावर फिरत होतो आणि तुझा मेसेज, आज वजा अकरा आहे, बाहेर उतरू नको.

आई ताटाकडे बघत म्हणाली, "ते मी माझ्या मनानं नाय लिहायचे. ते सांगायचे, मी लिहायचे."

मग तिने सांगितलं. मी कामाला गेले की बाबा रोज तिला मोबाइल आणायला लावायचे. शेजारच्या मुलीकडून त्यांनी त्यात लायसनवरच्या देशातल्या एका शहराचं हवामान टाकून घेतलं होतं. लिथुआनिया त्यांना म्हणता यायचं नाही, ते एल टी म्हणायचे. एल टीला आज किती हाय, बघ. वजा म्हणजे शून्याच्या किती खाली, ते विचारायचे. मग म्हणायचे, लिही त्याला, स्वेटर घाल म्हणावं. माझं नाव घालू नको. तो फोन करेल तेव्हा मी बोलेन, तोवर तू लिही. आणि हे हिला सांगू नको, हसेल.

हिला म्हणजे मला.

भाऊ जेवणावरून उठला नाही. तो भात कालवत राहिला, खूप वेळ. मला बसवेना. माझ्या बापाने पोराची काळजी सोडली नव्हती, एक दिवससुद्धा नाही. फक्त ती भलत्याच गावाला जात होती, कारण गावाचं नाव मी सांगितलं होतं. बाप ज्या थंडीला घाबरत होता त्या थंडीत पोरगा नव्हताच. हे त्याला कळलं असतं तर तो निदान निवांत झोपला असता, आणि कदाचित एका सकाळी स्वतःच म्हणाला असता, लाव त्याला फोन.

भाऊ मे महिन्यात परत गेला. आता तो रोज सांगतो आज कुठे आहे, कुठलं पार्किंग, किती वाजता निघणार. न विचारता सांगतो. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण मी थांब म्हणत नाही.

आईच्या मोबाइलवर हवामान उघडलं की वर बदलापूर येतं आणि खाली ते शहर. परवा मी ते काढायला घेतलं होतं. आई म्हणाली, राहू दे, ते बघायचे.